परिशिष्टातला पहिला संदर्भ: एक की एकतीस?

शोधनिबंधाच्या शेवटी परिशिष्ट जोडण्याची प्रथा जुनी आहे. ते त्याच अंकात, पुढच्याच पानांवर छापले जाई, तेव्हा संदर्भांची एकच यादी दोघांना पुरत असे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस नियतकालिके संकेतस्थळांवर आली आणि लांबलचक तक्ते, पद्धतींचे तपशील 'पूरक साहित्य' म्हणून वेगळ्या फाइलीत गेले. मग प्रश्न उभा राहिला: त्या फाइलीतल्या संदर्भांना क्रमांक कुठून द्यायचे?

समजा, मुख्य निबंधात ३० संदर्भ आहेत. पूरक फाइलीत १२ आहेत, पैकी ५ मुख्य यादीतलेच. नव्याने सुरुवात केली तर फाइलीत १ ते १२ क्रमांक येतात. फाइल स्वयंपूर्ण होते. पण ते पाच संदर्भ दोनदा छापले जातात आणि '७' म्हटले की दोन निरनिराळे निबंध समोर येतात. काही जण म्हणून 'एस७' असे लिहितात. यादी पुढे चालवली तर त्या पाचांचे जुने क्रमांक कायम राहतात आणि उरलेल्या सातांना ३१ ते ३७ मिळतात.

हा नुसता नीटनेटकेपणाचा वाद राहिला नाही, याचे कारण उद्धरणांची मोजदाद. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये उद्धरण-सूचीची कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. अशी सूची निबंधाच्या मुख्य यादीवरून बनते. पूरक फाइलीतल्या स्वतंत्र यादीकडे ती पाहत नव्हती. २००८ साली 'नेचर'मध्ये छापलेल्या एका पत्राने हीच तक्रार केली. एखाद्याची पद्धत किंवा मोजमापे वापरायची आणि त्याचे नाव मात्र न मोजल्या जाणाऱ्या यादीत टाकायचे, हा आमच्या मते अन्यायच होता.

'सायन्स'ने पुढे एकच यादी स्वीकारली. फक्त पूरक साहित्यात येणारे संदर्भ मुख्य यादीच्या शेवटी जोडायचे. छापील पानावर त्यांची जागा 'संदर्भ ३१–३७' अशा एका ओळीने घेतली. 'नेचर'ने मधला मार्ग धरला: पद्धतींच्या विभागात क्रमांक पुढे चालतात, तर पूरक माहितीची यादी सहसा वेगळी असते.

एकत्र यादीचीही एक खोड आहे. परीक्षकाच्या सूचनेवरून मुख्य निबंधात एक संदर्भ वाढला, की ३१चा ३२ होतो. पूरक फाइल वेगळी असल्याने तिथले आकडे आपोआप बदलत नाहीत, आणि त्यातला ३१ हा क्रमांक आता मुख्य निबंधातल्याच शेवटच्या संदर्भाकडे बोट दाखवतो. मधेच भर पडली असेल तर त्यापुढचे सामाईक क्रमांकही घसरतात. हे ओळखणे सोपे आहे. मुख्य निबंधातला शेवटचा क्रमांक पाहावा. पूरक फाइलीतला पहिला नवा क्रमांक त्याच्या लगेच पुढचा हवा. मग एक सामाईक संदर्भ उघडून, त्यात ते विधान खरोखर आहे का, ते वाचावे.