पुरापासून एक टेकाड दूर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आले, तेव्हा मला पहिल्यांदा शहराचा चढउतार कळला. एरवी रिक्षात बसून तो कळत नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, दुधाळीत, सुतारवाड्यात पाणी घुसले होते. महाद्वार रोड मात्र कोरडा होता. पंचगंगा घाटावरची देवळे तर कधीच बुडाली होती. राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुराची रेषा शहराच्या नव्या भागांतून फिरली आणि जुन्या पेठांच्या बऱ्याच भागाला बगल देऊन गेली. ही बगल कोणी आणि कधी ठरवली, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला.

त्याचे एक उत्तर घाटाजवळच आहे. ब्रह्मपुरीचे टेकाड. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. सातवाहनकाळातली भाजक्या विटांची घरे, नाणी आणि रोमन व्यापाराची साक्ष देणाऱ्या वस्तू मिळाल्या. त्या टेकाडावर सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा आज टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. सगळे कौतुक त्याचेच होते. मला मात्र त्याच्या पायाखालची जमीन जास्त बोलकी वाटते. नदीला लागून, पण तिच्या पाण्याच्या वर. प्यायला पाणी हाताशी आणि धान्य भिजणार नाही अशी जागा. विटामातीची घरे पडत गेली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, आणि टेकाड वस्तीबरोबर वाढत गेले. वरच्या थरांत मध्ययुगीन, बहमनी काळातले अवशेष आहेत, म्हणजे जागा पुन्हा निवडली गेली.

पूर इथे येतो कसा, हे पाहिल्याशिवाय या निवडीतले शहाणपण कळत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती सह्याद्रीकडून येतात आणि प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापुरात त्याचा पाचवा भाग, आणि शिरोळकडे त्याहूनही कमी. म्हणजे शिरोळकराच्या दारातला पूर बहुतेक दुसऱ्याच्या पावसाचा असतो. त्यात नदीचा उतार कमी. नरसोबाच्या वाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. आकाश निवळल्यावरही दोन-दोन दिवस पाणी हलत नाही, ते यामुळेच.

शेतीने या वेळापत्रकाशी जुळवून घेतले. पश्चिमेला भात, ज्याला पाण्यात उभे राहणे मानवते. पूर्वेकडच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, तेव्हा जुलै-ऑगस्टचा पूर ओसरलेला असतो. नदीकाठच्या मळीत ओल आणि ताजा गाळ मुरलेला असतो, आणि त्या ओलीवर पीक फेब्रुवारीपर्यंत निभावते. पुराने नुकसान व्हायला रानात पीकच नसे.

पाऊस मात्र दर शतकात सारखा नसतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे शेतकऱ्यांनी बांध घालून पुराचे पाणी कालव्यात वळवले होते. पुढे, इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या दिसू लागतात आणि शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढलेला कोरडेपणा असे सांगितले. काही अभ्यासकांना हे पटत नाही. त्यांच्या मते गोल झोपड्या म्हणजे फिरस्ती वाढल्याची खूण. मला दोन्ही म्हणणी एकमेकांना मारक वाटत नाहीत. पाऊस दगा देऊ लागला की माणूस फिरू लागणारच.

थरांमधून पूर ओळखणे हेही नाजूक काम आहे. वस्तीच्या थरात राख, खापरे, हाडे असतात. पुराचा गाळ बारीक, स्वच्छ, पातळ पापुद्र्यांचा असतो. पण मातीची भिंत पावसात विरघळली की तीही गाळासारखीच दिसते, आणि घाईत पाहणारा तिला पूर म्हणून बसतो. म्हणून एका खड्ड्यावर विसंबू नये. तोच थर शेजारच्या खड्ड्यांतही सलग जातो का, हे पाहावे लागते.

आता शाळूच्या जागी ऊस आला आहे, आणि ऊस पुरातही रानातच उभा असतो. बुडके चार-पाच दिवस पाण्यात राहिले तरी तो तगतो. पण शेंडा बुडून सुरळीत गाळ शिरला की कुजतो. चिखलीकरांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला उंचावर जागा दिल्या. तरी बरेच लोक गावातच राहिले, कारण रान तिथे होते आणि जनावरे तिथे होती. २०१९ मध्ये त्यांना बोटीने बाहेर काढावे लागले, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा आले.