मोटारीतील गॅस संचाची नोंद

मोटारीतील गॅस संचाची नोंद म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत नंतर बसविलेल्या सीएनजी किंवा एलपीजी किटचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात (आरसी) आणि विमा पॉलिसीत करून घेण्याची भारतातील प्रक्रिया होय. या दोन नोंदी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. परिवहन कार्यालयात इंधनाचा प्रकार बदलला, म्हणून पॉलिसी आपोआप बदलत नाही. विमा कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

== नोंदणी प्रमाणपत्रातील नोंद ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदल नोंदणी प्राधिकरणाला कळविणे मालकावर बंधनकारक आहे. पूर्वमंजुरीविना केलेला बदल १४ दिवसांच्या आत कळवावा लागतो. किट त्या प्रकारच्या वाहनासाठी मान्यताप्राप्त असावे लागते. अर्जासोबत किटचे बिल, मान्यतेचे प्रमाणपत्र, बसविणाऱ्या केंद्राचा दाखला, टाकीच्या चाचणीचे प्रमाणपत्र आणि चालू विमा पॉलिसी जोडतात. मोटारीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमती घेतली जाते.

तपासणीच्या वेळी टाकीवर कोरलेला क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिला जातो. बिलावर एखादा अंक चुकीचा असल्यास अर्ज अडतो, म्हणून केंद्रातून मोटार बाहेर काढण्यापूर्वीच तो पडताळणे सोयीचे असते. मंजुरीनंतर प्रमाणपत्रात इंधनाच्या रकान्यात `PETROL/CNG` अशी नोंद दिसते. तेथे केवळ `PETROL` असल्यास नोंद पूर्ण झालेली नाही, असे समजावे.

== विमा पॉलिसीतील पृष्ठांकन ==

सुधारित नोंदणी प्रमाणपत्र व किटचे बिल जोडून विमा कंपनीकडे पृष्ठांकनाची मागणी केली जाते. २००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकात यासाठी 'आयएमटी २५' हे पृष्ठांकन आहे. त्यानुसार वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि त्रयस्थ पक्षाच्या दायित्वासाठी ६० रुपये वार्षिक जादा हप्ता ठरतो. उदाहरणार्थ, किटची किंमत ५०,००० रुपये असल्यास २,००० अधिक ६० असा २,०६० रुपयांचा हप्ता होतो, कर वेगळा. प्रत्यक्ष आकारणी कंपनीनुसार व पॉलिसीच्या उरलेल्या कालावधीनुसार बदलू शकते.

पृष्ठांकन त्यावर नमूद केलेल्या तारखेपासून लागू होते, मागील तारखेपासून नाही. समजा, किट १ तारखेला बसविले, २० तारखेला अपघात झाला आणि पृष्ठांकन २५ तारखेपासूनचे आहे. अशा वेळी किटच्या नुकसानीची भरपाई त्या पृष्ठांकनाच्या आधारे मागता येत नाही. शिवाय बदल न कळविल्याच्या कारणावरून संपूर्ण दावाही वादात सापडू शकतो. विशेषतः आगीचे कारण गॅसगळतीशी जोडले गेल्यास.

== नंतरची काळजी ==

सीएनजी टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. पॉलिसीचे नूतनीकरण करताना, विशेषतः कंपनी बदलल्यास, किटची किंमत नव्या पॉलिसीत वेगळी दाखविली आहे का, हे पाहावे लागते. किट काढून टाकल्यास तो बदलही दोन्ही ठिकाणी कळवावा लागतो.