रस्त्याकडेच्या भाजीमळ्यातील मातीत शिसे किती? मर्यादेशी तुलना करण्याची पद्धत

रायपूरचा सदर बाजार हा सराफ्यांचा, दाट वस्तीचा जुना भाग. अशा ठिकाणी रस्त्यालगतच्या परसबागेतील माती भाजीसाठी योग्य आहे काय, हे केवळ पाहून ठरवता येत नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. तथापि शिसे मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते व पावसाने फारसे वाहून जात नाही. त्यामुळे त्या काळातील शिसे आजही वरच्या थरात सापडू शकते. टायरच्या झिजेतून जस्ताची आणि ब्रेकमधून तांब्याची भर मात्र अद्याप पडत आहे.

नमुने रस्त्याच्या कडेपासून १, ५, १० व २० मीटर अंतरावर घेतात. प्रत्येक अंतरावर पाच ठिकाणची, वरच्या १५ सेंटिमीटर थरातील माती एकत्र मिसळतात. तुलनेसाठी रस्त्यापासून दूरचा, त्याच प्रकारच्या मातीचा एक नमुना आवश्यक असतो. जस्ताचा मुलामा असलेले खुरपे वापरल्यास जस्ताचा आकडा खोटा वाढतो. माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात, तीव्र आम्लात विरघळवतात आणि अणुशोषण वर्णपटमापकावर धातू मोजतात. निष्कर्ष कोरड्या मातीच्या प्रतिकिलो मिलिग्राममध्ये दिला जातो.

उदाहरणादाखल, १ मीटरवर शिसे १८०, ५ मीटरवर ९०, २० मीटरवर ३५ आणि दूरच्या नमुन्यात २५ आढळले असे समजू. अंतराबरोबर होणारी ही घट रस्त्याकडे बोट दाखवते. याउलट एखाद्याच ठिकाणी आकडा अचानक चढला, तर जुन्या रंगाचा पोपडा किंवा फेकलेली बॅटरी कारण असू शकते. तेथील माती पुन्हा तपासावी लागते.

आता १८० हा आकडा कोणत्या मर्यादेशी ताडावा? भारतीय अभ्यासांत बहुधा २५० ते ५०० ही मर्यादा वापरतात. तिच्यानुसार माती सुरक्षित ठरते. कॅनडाची शेतजमिनीसाठीची मर्यादा ७० आहे. तिच्यानुसार ती दूषित ठरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये निवासी मातीसाठीचा आकडा ४०० वरून २०० वर आणला. १८० त्याच्या अगदी जवळ आहे. हा अमेरिकी आकडा मुख्यत्वे लहान मुलांच्या पोटात माती जाण्याच्या धोक्यावर बेतलेला आहे. म्हणून अहवालात मर्यादेचे नाव व तिचा हेतू नमूद नसेल, तर 'सुरक्षित' हा शब्द अपुरा ठरतो.

मातीचा आकडा भाजीतील प्रमाण सांगत नाही. शिसे मुळांतून पानांत अल्प जाते. पालेभाजीवर ते बहुधा धूळ आणि पावसाने उडालेल्या मातीतून येते. कॅडमियम मात्र पानांत सहज चढते, विशेषतः आम्लधर्मी मातीत. त्यामुळे मातीबरोबर तिचा सामू आणि धुतलेली व न धुतलेली भाजी यांचीही तपासणी आवश्यक ठरते. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार ताज्या पालेभाजीत शिशाची मर्यादा प्रतिकिलो ०.३ मिलिग्राम आहे. न धुतलेल्या भाजीत आकडा अधिक आणि धुतलेल्या भाजीत मर्यादेखाली आला, तर प्रदूषण पानांवरच्या धुळीचे आहे, असा निष्कर्ष निघतो.