अकरा महिन्यांचे करार आणि ग्रॅच्युइटीचा हक्क

पुणे : अकरा महिन्यांचे नेमणूकपत्र, त्यानंतर काही दिवसांचा वा महिन्याचा 'ब्रेक' आणि पुन्हा त्याच खात्यात, त्याच यंत्रावर नवे नेमणूकपत्र. पुणे शहर आणि परिसरातील कारखाने, रुग्णालये, शिक्षणसंस्था व सेवाक्षेत्रातील कार्यालयांत काम करणाऱ्या अनेकांना हा क्रम परिचयाचा आहे. अशी चार-पाच वर्षे काढलेल्या कर्मचाऱ्याचा करार अखेरीस नूतनीकरण न होता संपतो, तेव्हा पहिला प्रश्न ग्रॅच्युइटीचा उपस्थित होतो. कायम कामगाराला मिळणारी ही रक्कम कराराच्या कामगाराला मिळते काय, आणि मिळत असेल तर सेवेची गणना कोठपासून करायची?

या प्रश्नाचे उत्तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून बदलले आहे. त्या दिवशी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि ग्रॅच्युइटी प्रदान अधिनियम, १९७२ ची जागा तिने घेतली. जुन्या कायद्यात मृत्यू वा अपंगत्वाचा अपवाद वगळता सलग पाच वर्षांची सेवा अनिवार्य होती. नव्या संहितेच्या कलम ५३ मध्ये या अपवादांत 'निश्चित मुदतीच्या रोजगाराची मुदत संपणे' या कारणाची भर पडली आहे. अशा कर्मचाऱ्याला सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी, असेही त्याच कलमात म्हटले आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निश्चित मुदतीच्या रोजगाराची व्याख्या करताना, कराराखाली एक वर्ष सेवा झाल्यास कामगार ग्रॅच्युइटीस पात्र ठरेल, असे नमूद आहे.

वादाचे मूळ या 'एक वर्षा'त आहे. करारच अकरा महिन्यांचा असेल, तर वर्ष पुरे होणार कधी? प्रत्येक करार स्वतंत्र आहे, एकही वर्षभराचा नाही, सबब काही देणे लागत नाही, असा युक्तिवाद मालकाकडून होऊ शकतो. कामगाराच्या बाजूचे उत्तर 'सलग सेवा' या संज्ञेत दडलेले आहे, आणि त्या संज्ञेचा इतिहास सोलापूरशी जोडलेला आहे.

सोलापूरच्या गिरणीचा निकाल

लालप्पा लिंगप्पा विरुद्ध लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिल्स, सोलापूर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी १९८१ रोजी निकाल दिला. कायम कामगारांच्या गैरहजेरीत काम करणाऱ्या बदली कामगारांना ग्रॅच्युइटी मिळावी काय, हा त्यातील एक मुद्दा होता. वर्षात २४० दिवस प्रत्यक्ष काम झालेले नसेल तर ते वर्ष सलग सेवेत धरता येणार नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. गिरणी कामगारांना हा निकाल प्रतिकूल ठरला. त्यानंतर संसदेने १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून 'सलग सेवा' या संज्ञेसाठी कलम २-अ घातले, आणि त्याचा अंमल निकालाच्याच तारखेपासून, म्हणजे ११ फेब्रुवारी १९८१ पासून दिला.

या कलमाची रचना दोन पायऱ्यांची आहे आणि नव्या संहितेच्या कलम ५४ मध्येही ती कायम आहे. पहिली पायरी अशी, की आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, संप, टाळेबंदी किंवा कर्मचाऱ्याचा दोष नसताना काम बंद पडणे, या कारणांनी सेवेत खंड पडला तरी ती सलगच मानायची. त्या अर्थाने सेवा सलग ठरत नसेल, तर दुसरी पायरी लागू होते. मागील बारा महिन्यांत किमान २४० दिवस काम झाले असल्यास ते वर्ष सलग सेवेचे समजायचे. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या आस्थापनेत ही मर्यादा १९० दिवसांची आहे. पगारी रजेचे, ले-ऑफचे आणि प्रसूती रजेचे दिवस या मोजणीत धरले जातात.

मालकाने स्वतः ठरवून दिलेल्या 'ब्रेक'मध्ये कर्मचाऱ्याचा दोष नसतो, हा कामगाराचा पहिला आधार. तो मान्य झाला नाही, तरी महिन्याला २६ दिवसांप्रमाणे अकरा महिन्यांचे २८६ दिवस होतात. त्यातून विनावेतन गैरहजेरीचे दिवस वजा केले तरी २४० चा आकडा सहसा ओलांडला जातो. पाच दिवसांच्या आठवड्यातही अकरा महिन्यांत सुमारे २४० दिवस भरतात आणि तेथे अट केवळ १९० ची आहे. म्हणजे महिन्याभराच्या खंडाने वर्ष बाद होत नाही.

सेवेचे तुकडे पाडून पाहू नये, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नेतराम साहू विरुद्ध छत्तीसगड राज्य या प्रकरणात मांडला. तेथे कर्मचाऱ्याने एकूण पंचवीस वर्षे काम केले होते. त्यातील सुमारे बावीस वर्षे रोजंदारीवर आणि केवळ शेवटची तीन वर्षे कायम म्हणून गेली होती. कायम झाल्यानंतरचीच सेवा मोजावी, हा सरकारचा पवित्रा न्यायालयाने फेटाळला. अर्थात नव्या संहितेखाली अकरा महिन्यांच्या साखळी करारांवर निकालांची परंपरा अद्याप तयार व्हायची आहे. त्यामुळे प्रत्येक दाव्यात पुराव्याला मोठे महत्त्व राहील.

एक उदाहरण

समजा, हडपसर भागातील एका कारखान्यात एक कामगार १ जानेवारी २०२१ रोजी रुजू झाला. दरवर्षी जानेवारी ते नोव्हेंबर असा करार आणि डिसेंबरमध्ये खंड, असे पाच करार झाले. पाचवा करार ३० नोव्हेंबर २०२५ रोजी संपला आणि पुढे नेमणूक मिळाली नाही. पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत चार वर्षे अकरा महिने होतात.

जुन्या कायद्याखाली हा कामगार पाच वर्षांच्या उंबरठ्यावर अडला असता. पाचव्या वर्षी २४० दिवस भरल्यास ते वर्ष पूर्ण धरावे, असे मद्रास उच्च न्यायालयाने मेत्तूर बियर्डसेल प्रकरणात म्हटले होते. परंतु तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही. येथे मात्र करार २१ नोव्हेंबर २०२५ नंतर मुदत संपून संपुष्टात आला आहे. त्यामुळे पाच वर्षांची अट आडवी येत नाही.

आता रक्कम. एका वर्षाच्या सेवेसाठी पंधरा दिवसांचे वेतन, आणि एका दिवसाचे वेतन काढताना मासिक वेतनाला २६ ने भागायचे, हे सूत्र आहे. या कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आणि घरभाड्यासह सर्व भत्ते धरून एकूण मोबदला ३६,४०० रुपये आहे असे मानू. नव्या व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम वेतनातच मिळवावी लागते. येथे भत्ते २०,८०० रुपये आणि निम्मी रक्कम १८,२०० रुपये आहे. वरचे २,६०० रुपये मिळवून हिशेबासाठी वेतन १८,२०० रुपये होते. दिवसाचे ७०० रुपये, म्हणून वर्षाचे १०,५०० रुपये.

सहा महिन्यांहून अधिक असलेले अपुरे वर्ष पूर्ण धरले, तर पाच वर्षांचे ५२,५०० रुपये होतात. काटेकोर प्रमाणात ५९ महिने धरले, तर ५१,६२५ रुपये. हा फरक किरकोळ आहे. खरी तफावत आहे ती केवळ शेवटचा करार मोजण्यात. तसे केल्यास हाती जेमतेम ९,६२५ रुपये येतात, किंवा 'वर्ष भरले नाही' या कारणाने काहीच नाही. नुसते मूळ वेतन व महागाई भत्ता धरून हिशेब केल्यास पाच वर्षांचे ४५,००० रुपये निघतात. म्हणून देयक हाती आल्यावर सेवेचा आरंभदिन आणि वेतनाचा आकडा, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.

कोठे अडते

सर्वात घातक कागद राजीनाम्याचा असतो. संहितेने पाच वर्षांची सूट मुदत संपण्याला दिली आहे. राजीनाम्याचा उल्लेख त्या अपवादांत नाही. करार संपताना 'औपचारिकता' म्हणून राजीनामा लिहून घेतला गेला, तर मुदत संपल्याचा आधारच डळमळीत होतो. 'सर्व देणी मिळाली' अशा पावतीवर सही करण्यापूर्वीही ग्रॅच्युइटीचा स्वतंत्र आकडा त्यात आहे काय, हे पाहावे.

दुसरी अडचण ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांची. निश्चित मुदतीचा रोजगार म्हणजे मालकाशी झालेला लेखी करार. नेमणूकपत्र व पगार ठेकेदाराकडून येत असेल, तर ग्रॅच्युइटीची पहिली मागणी ठेकेदाराकडे करावी लागते, आणि ठेकेदार बदलला की 'एकच मालक' हा धागा तुटण्याचा धोका असतो. दुकान वा अन्य आस्थापनेत किमान दहा कर्मचारी असणेही आवश्यक आहे. कारखान्यांना ही अट नाही.

सेवेची साखळी सिद्ध करण्यासाठी सर्व नेमणूकपत्रे व पगारपत्रके जपून ठेवावीत. ती हरवली असल्यास भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उपयोगी पडते. करार बदलताना नवा सदस्य क्रमांक दिला गेला असला, तरी UAN एकच राहतो, आणि त्याखाली त्याच आस्थापनेने कोणकोणत्या महिन्यांची वर्गणी भरली, हे दिसते.

मागणी कशी करावी

करार संपल्यावर मालकाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. जुन्या नियमांत यासाठी ३० दिवसांची मुदत होती. तेवढ्यात अर्ज देणे श्रेयस्कर. मात्र अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून कळवण्याची आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत ती अदा करण्याची जबाबदारी मालकावरच आहे. विलंब झाल्यास सरळ व्याज द्यावे लागते. अर्जात सर्व करारांच्या तारखा क्रमाने लिहून 'एकूण सलग सेवा' असा उल्लेख करावा, म्हणजे शेवटच्या करारापुरताच हिशेब करण्यास वाव राहत नाही.

मालकाने नकार दिला वा कमी रक्कम दिली, तर दाद संहितेखालील सक्षम प्राधिकाऱ्याकडे मागायची आहे. जुन्या कायद्याखाली राज्याच्या अखत्यारीतील आस्थापनांचे असे दावे कामगार न्यायालयापुढे चालत. नव्या व्यवस्थेत अर्ज नेमका कोणाकडे व कोणत्या नमुन्यात द्यायचा, याची चौकशी दावा दाखल करण्यापूर्वी कामगार आयुक्तालयाच्या पुणे कार्यालयात करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच करार संपलेल्यांना नव्या सवलतीचा आधार घेता येणार नाही. त्यांचा हक्क जुन्या पाच वर्षांच्या कसोटीवरच ठरेल आणि तेथेही २४० दिवसांची मोजणीच निर्णायक राहील.