शेऱ्याचा रकाना: प्रगतिपत्रकातील एका वाक्याचा इतिहास

‘प्रगती चांगली. अधिक प्रयत्न आवश्यक.’ मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या प्रगतिपत्रकावर हे वाक्य, किंवा त्याचे एखादे भावंड, कधी ना कधी उमटलेले असते. त्याचा लेखक वर्गशिक्षक, वाचक पालक आणि विषय एक मूल. एवढे असूनही गद्यलेखनाचा प्रकार म्हणून त्याकडे कोणी पाहिलेले नाही. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या संदर्भात ते पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

‘शेरा’ हा शब्द मुळात कचेरीतला. सरकारी तक्त्याच्या अखेरीस ‘शेरा’ नावाचा रकाना असतो आणि बहुधा तो कोराच राहतो. इंग्रजी अमदानीत शाळा तपासायला ‘दिपोटी’ येत आणि शेरेबुकात मत नोंदवून जात. तो शेरा शिक्षकावर आणि शाळेवर असे. मुलाच्या पत्रकावरील शेऱ्याने हीच घडण उचललेली दिसते. त्यात निर्णय असतो, निरीक्षण नसते. ‘समाधानकारक’, ‘बरी’, ‘साधारण’ ही सारी विशेषणे आहेत. मुलाने काय केले हे सांगणारे क्रियापद तेथे आढळत नाही.

मूल्यमापनाच्या धोरणाने मात्र फार पूर्वीच वेगळी अपेक्षा धरली होती. 1952–53 च्या मुदलियार आयोगाने आणि 1964–66 च्या कोठारी आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याचे संचयी नोंदपत्रक ठेवावे असे सुचविले. सूचना कागदावर राहिली. 1 एप्रिल 2010 रोजी बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला व त्याच्या एकोणतिसाव्या कलमाने सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन बंधनकारक केले. महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने त्याची पद्धत ठरविली. गुणांऐवजी श्रेणी आल्या, आकारिक व संकलित असे दोन भाग झाले, आणि पत्रकावर वर्णनात्मक नोंदींना जागा मिळाली. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक हे तिचे रूढ मथळे. शेऱ्याचा रकाना पहिल्यांदाच रुंद झाला.

पुढे जे घडले ते भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखे आहे. चौथीचा तीस मुलांचा वर्ग घ्या. सात विषय आणि दोन सत्रे धरली तर 420 नोंदी होतात. त्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात लिहायच्या म्हटल्यावर नमुना नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पुढे त्याच याद्या संगणकावर आणि मोबाइलवर फिरू लागल्या. ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’, ‘परिसराची स्वच्छता राखतो’ अशी वाक्ये क्रमाने उतरविली गेली. जुना ठोकळेबाज शेरा दोन शब्दांचा होता, नवा पूर्ण वाक्याचा झाला, इतकेच. नोंद सकारात्मकच हवी असा समजही रुजला आणि ‘सुधारणा आवश्यक’ खाली ‘अवांतर वाचन वाढवावे’ हे सर्वांना लागू पडणारे वाक्य बसले. नोंद खरी की नकललेली हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मुलाचे नाव झाकावे. ते वाक्य शेजारच्या मुलालाही शोभत असेल तर ती नोंद नव्हे.

ही नक्कल कोठे महाग पडते हे रोह्याच्या बाजूला स्पष्ट दिसते. पेण, रोहा आणि आसपासच्या तालुक्यांतील कातकरी वाड्यांवरची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या आणि कोळसाभट्टीच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहिल्या सत्राचे पत्रक नेमके त्या निघण्याच्या सुमारास तयार होते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. मूल ते घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकते. पण त्या शाळेतील शिक्षकाने मुलाला पूर्वी पाहिलेले नसते. पहिल्या शिक्षकाने लिहिलेले शब्द एवढाच त्याचा आधार.

अशी चौथीतील एक मुलगी कल्पावी. तिच्या पत्रकावर रूढ शेरा असेल: ‘प्रगती चांगली. गैरहजर राहते. नियमित उपस्थिती आवश्यक.’ नव्या शिक्षकाला यातून काहीच हाती लागत नाही. शिवाय जे आईबापांच्या मजुरीमुळे घडते ते मुलीचा दोष म्हणून नोंदले जाते. आता सत्रभर ठेवलेल्या टिपणांवरून तेच पुन्हा लिहू: ‘बावन्नातून सत्तावीस गेले तर पंचवीस, असे तोंडी अचूक सांगते. मांडून करताना 35 लिहिते, कारण एककाच्या घरात 2 मधून 7 न जाता ती 7 मधून 2 वजा करते. काड्यांचा गठ्ठा सोडून दाखविल्यावर उदाहरण सुटते. ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते. वाचताना जोडाक्षरापाशी थांबते.’ भट्टीजवळच्या शाळेतील शिक्षक हे वाचून दुसऱ्या दिवशी कोठून सुरुवात करायची ते ठरवू शकतो. या नोंदीत एकही विशेषण स्तुतीचे नाही. घटना आहे, चुकीचे कारण आहे आणि कोणती मदत उपयोगी पडली तेही आहे.

पेणला दुसराच धोका आहे. हमरापूर, जोहे परिसरात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. तेथील मुलाच्या पत्रकावर ‘आवड: चित्रकला, मूर्तिकाम’ असे लिहिले तर नोंद व्यक्तिगत भासते, प्रत्यक्षात ती मुलाची नसून गावाची असते. कातकरी मुलापुढे ‘नृत्याची आवड’ लिहिण्याची सवय याच जातीची. वडिलांचा धंदा मुलाचा स्वभाव म्हणून नोंदवला की वर्णन संपते आणि भाकीत सुरू होते. ‘घडी न घालता आकृतीची दुसरी बाजू तंतोतंत काढतो, सममितीचा अक्ष मात्र तिरपा असल्यास ओळखत नाही’ असे लिहिले तर त्याच हाताचे कसब गणिताच्या तासाला उपयोगी पडते.

इतके लिहायला वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. सारे एका बैठकीत लिहायचे म्हटले तर नक्कल अटळच. रोज दोन मुलांविषयी एकेक ओळ टिपली तर तीस मुलांची फेरी पंधरा दिवसांत पुरी होते. सत्राचे नव्वद दिवस धरले तर प्रत्येकाच्या सहा ओळी जमतात. पत्रकावरील नोंद त्यांतून निवडायची असते. सातही विषयांत सारखी भर त्यात पडणार नाही, हे मान्य करावे लागते. सर्व रकाने भरण्याचा आग्रह धरणाऱ्याला तेवढे पटायला हवे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून त्यात मुलाने स्वतःविषयी आणि सोबत्यांनी एकमेकांविषयी सांगावे असे म्हटले आहे. रकाने त्यामुळे वाढतील. त्यांत खुणा करण्याच्या चौकटी अधिक असतील की वाक्यासाठी रिकामी जागा, हे पाहावे लागेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. व्यक्तिचित्र कसे लिहावे हे आपण त्यांना वर्गात शिकवितो. तीच शिस्त, म्हणजे पाहिलेले लिहिणे आणि न पाहिलेले न लिहिणे, त्यांच्या हातून दिवाळीआधीच्या त्या पत्रकावर उतरली, तर भट्टीवर निघालेल्या मुलीबरोबर तिच्या शिकण्याची खरी ओळखही प्रवास करील.