अखेरच्या मालसाठ्याचे मूल्यांकन : 'प्रथम आवक, प्रथम जावक' की भारित सरासरी?

नवी मुंबई, प्रतिनिधी

मार्चअखेर जवळ आली की कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातील गोदामांत सळयांची मोजदाद सुरू होते. मुंबईतील लोखंडाचा व्यापार शहराबाहेर हलविण्यासाठी सिडकोने हा बाजार वसविला. येथे माल टनावर विकला जातो आणि भाव महिन्याभरातही हजारो रुपयांनी वरखाली होतात. गोदामात किती टन सळई उरली, हे वजनकाटा सांगतो. तिची किंमत किती धरायची, हे मात्र काटा सांगत नाही. एकाच आकाराच्या सळया तीन वेगवेगळ्या भावांनी खरेदी केलेल्या असतील, तर उरलेली सळई नेमकी कोणत्या खरेदीतली, हे ओळखण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी हिशेबशास्त्राने दोन सूत्रे मान्य केली आहेत. एक 'प्रथम आवक, प्रथम जावक', म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीतील 'फिफो', आणि दुसरे भारित सरासरी.

फिफो पद्धतीत आधी आलेला माल आधी विकला गेला असे गृहीत धरतात. त्यामुळे शिल्लक माल सर्वांत अलीकडच्या खरेदीचा ठरतो. भारित सरासरीत सर्व खरेदीची एकूण रक्कम एकूण वजनाने भागून एकच दर काढतात आणि तोच दर विकलेल्या व उरलेल्या मालाला लावतात. दोन्ही पद्धती केवळ गृहीतके आहेत. गोदामात नवी गाडी जुन्या थप्पीवर उतरते आणि विक्री वरच्या थरातून होते, म्हणून फिफो वापरता येत नाही, असे नाही. सळया परस्परांच्या जागी चालणाऱ्या असल्याने प्रत्यक्ष कोणती सळई बाहेर पडली याला महत्त्व उरत नाही.

एक हिशेब, तीन उत्तरे

फरक कसा पडतो हे पाहण्यासाठी १२ मिलिमीटर सळईचा एका तिमाहीचा हिशेब घेऊ. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

१ जानेवारी : आरंभीची शिल्लक ४० टन, दर ५०,००० रुपये
२० जानेवारी : खरेदी ६० टन, दर ५२,००० रुपये
१० फेब्रुवारी : विक्री ७० टन, दर ५६,००० रुपये
५ मार्च : खरेदी ५० टन, दर ५६,००० रुपये
२५ मार्च : विक्री ४० टन, दर ५९,००० रुपये

आरंभीची शिल्लक आणि खरेदी मिळून १५० टन माल झाला व त्याची किंमत ७९.२० लाख रुपये. विक्री ११० टनांची, ६२.८० लाख रुपयांची. ३१ मार्चला गोदामात ४० टन सळई उरली.

फिफोप्रमाणे हे ४० टन ५ मार्चच्या खरेदीतले. दर ५६,००० रुपये, म्हणजे साठ्याचे मूल्य २२.४० लाख आणि ढोबळ नफा ६ लाख रुपये.

संपूर्ण काळाची एकच भारित सरासरी काढली, तर ७९.२० लाखांना १५० ने भागून दर ५२,८०० रुपये येतो. साठा २१.१२ लाखांचा आणि नफा ४.७२ लाखांचा ठरतो.

सरासरीचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे प्रत्येक खरेदीनंतर नवी सरासरी काढण्याचा. २० जानेवारीनंतर १०० टनांचा दर ५१,२०० रुपये होतो. ७० टन विकल्यावर उरलेले ३० टन १५.३६ लाखांचे. त्यात मार्चमधील २८ लाखांची खरेदी मिळवली की ८० टनांची किंमत ४३.३६ लाख, म्हणजे टनाला ५४,२०० रुपये होते. अखेरचे ४० टन २१.६८ लाखांचे ठरतात आणि नफा ५.२८ लाख येतो.

माल तोच आणि खरेदी-विक्रीही तीच, पण नफा ६ लाख, ५.२८ लाख की ४.७२ लाख हे सूत्रावर ठरते. 'आम्ही सरासरी पद्धत वापरतो' एवढे लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. सरासरी वर्षाची, महिन्याची की प्रत्येक गाडीनंतरची, हेही हिशेबाच्या धोरणात नोंदलेले असावे. फिफोमध्ये हा प्रश्न येत नाही. हिशेब रोज करा अथवा वर्षअखेरीस एकदाच करा, उत्तर एकच येते.

फरक मिटतो, पण सर्वांसाठी नाही

वरील उदाहरणात फिफो व काळाची सरासरी यांच्या नफ्यात १.२८ लाखांचा फरक आहे. तो कायमचा नसतो. एका वर्षाचा अखेरचा साठा पुढील वर्षाचा आरंभीचा साठा होतो. साठा जास्त किमतीचा धरला, तर पुढच्या वर्षी विकलेल्या मालाची किंमतही तेवढीच जास्त धरली जाते आणि नफा तेवढाच घटतो. ३० टक्के दराने १.२८ लाखांवरील कर, उपकर वगळून, ३८,४०० रुपये होतो. तो वाचत नाही, केवळ पुढेमागे होतो. भाव सतत चढत राहिले, तर सरासरी पद्धतीत हा कर वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो, एवढाच लाभ.

भागीदारी पेढीत मात्र हा केवळ काळाचा प्रश्न राहत नाही. ३१ मार्चला एखादा भागीदार निवृत्त होत असेल, तर त्याचा हिशेब त्या दिवशीच्या ताळेबंदावर होतो. पुढच्या वर्षी फरक मिटेल तेव्हा तो पेढीत नसेल. निम्म्या हिश्श्याच्या भागीदाराला सूत्र बदलल्याने ६४,००० रुपये कमी किंवा अधिक मिळतात आणि ते कायमचे. कोणता भागीदार कोणत्या पद्धतीचा आग्रह धरतो, हे अशा वेळी लगेच समजते. म्हणून मूल्यांकनाची पद्धत भागीदारीच्या करारपत्रातच लिहून ठेवणे हिताचे असते.

बँकेचेही तसेच आहे. मालतारणावरील कर्जाची उचल-मर्यादा साठ्याच्या मूल्यावर ठरते. २५ टक्के मार्जिन धरले, तर २२.४० लाख आणि २१.१२ लाख यांमुळे मर्यादेत ९६,००० रुपयांचा फरक पडतो. बँकेला फिफोने आणि हिशेबपुस्तकात सरासरीने मूल्य दाखविणे मात्र टाळावे. दोन्ही कागद समोरासमोर आले की खुलासा द्यावा लागतो.

भाव कोसळले तर

दोन्ही सूत्रांवर एक कसोटी लागू आहे. साठा खरेदी किंमत आणि निव्वळ वसुलीयोग्य मूल्य यांपैकी जे कमी असेल त्याच मूल्याने दाखवावा लागतो. वसुलीयोग्य मूल्य म्हणजे अपेक्षित विक्री किमतीतून विक्रीसाठी करावा लागणारा खर्च वजा जाता उरणारी रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली चैनरूप संपतराम प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. भाव उतरल्यास संभाव्य तोटा धरता येतो, पण भाव चढले म्हणून न झालेला नफा धरता येत नाही.

लोखंड बाजाराला याचा अनुभव मे २०२२ मध्ये आला. केंद्र सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले आणि देशांतर्गत भाव घसरले. ते शुल्क त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आले.

आपल्या उदाहरणात ३१ मार्चला सळई, खर्च वजा जाता, टनाला ५३,००० रुपयांनाच विकली जाईल असे समजू. फिफोचा ५६,००० रुपयांचा दर आणि चढत्या सरासरीचा ५४,२०० रुपयांचा दर, दोन्ही ५३,००० वर आणावे लागतील. साठा २१.२० लाखांचा ठरेल. काळाच्या सरासरीचा ५२,८०० रुपयांचा दर आधीच कमी असल्याने तो तसाच राहील. १.२८ लाखांचा फरक अवघ्या ८,००० रुपयांवर येतो. पद्धतीची निवड चढत्या बाजारात अधिक महत्त्वाची ठरते, ती यामुळेच. ही तुलना शक्यतो प्रत्येक जिन्नसासाठी स्वतंत्र करायची असते. पट्ट्यांवरील नफ्याने सळयांवरील घट झाकता येत नाही.

निवड कशी करावी

भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या दुसऱ्या लेखामानकाने १९९९ सालच्या सुधारणेत 'शेवटची आवक, प्रथम जावक' ही पद्धत वगळली आणि फिफो व भारित सरासरी या दोनच ठेवल्या. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या दुसऱ्या उत्पन्न-गणना मानकानेही याच दोन पद्धती घेतल्या. मालासाठी प्रत्यक्ष झालेल्या खर्चाच्या सर्वाधिक जवळ जाणारे सूत्र निवडावे, असा दोन्हींचा रोख आहे.

मुदत संपणारा माल, उदाहरणार्थ औषधे वा खाद्यपदार्थ, खरोखरच आधी आलेला आधी जातो. तेथे फिफो स्वाभाविक आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायन कारखान्यात टाकीतील द्रव नव्या टँकरच्या द्रवात मिसळतो, तेथे सरासरी वस्तुस्थितीच सांगते. वाशीच्या मसाला बाजारात एखाद्याचा माल लॉट क्रमांकानिशी वेगळा ठेवलेला असेल आणि प्रतीनुसार एक लॉट दुसऱ्याच्या जागी चालत नसेल, तर कोणतेही सूत्र न लावता त्या लॉटची प्रत्यक्ष किंमतच धरावी लागते. सळईच्या व्यापारात दोन्ही सूत्रे चालतात. खरेदी थोड्या, मोठ्या गाड्यांची असेल तर फिफो सोपे जाते. रोज लहान खरेदी होत असेल तर सरासरी सोयीची ठरते.

एकदा स्वीकारलेली पद्धत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही. यंदा कर कमी बसतो, हे सबळ कारण नव्हे. बदल केल्यास त्याचा नफ्यावरील परिणाम रकमेसह हिशेबात नमूद करावा लागतो.

चूक कशी ओळखावी

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे दरांची साधी सरासरी. ५०,०००, ५२,००० आणि ५६,००० यांची बेरीज करून तीनने भागले की ५२,६६७ येतात. वजन विसरल्याने उत्तर चुकते. दुसरी चूक ८, १२ आणि १६ मिलिमीटरच्या सळया एकाच सरासरीत घेण्याची. तिसरी, गाडीभाडे व उतराईची हमाली खरेदी किमतीत न धरण्याची. वस्तू व सेवा कराची परत मिळणारी वजावट मात्र हिशेबपुस्तकातील किमतीत धरायची नसते.

पडताळणी दोन मिनिटांची आहे. फिफोमध्ये अखेरचा साठा शेवटच्या बिलापेक्षा कमी असेल, तर त्याचा दर त्या बिलाशी तंतोतंत जुळला पाहिजे. सरासरीत तो दर आरंभीची शिल्लक व खरेदी यांच्या किमान आणि कमाल दरांच्या मध्येच पडला पाहिजे. तो बाहेर गेला, तर बहुधा खरेदीचे बिल चढविण्याआधी विक्रीचे बिल चढवून साठा उणे झालेला असतो.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी प्रत्येक जिन्नसाच्या `Costing Method` मध्ये काय निवडले आहे ते वर्षअखेरीपूर्वी पाहावे. त्या यादीत `Avg. Cost` व `FIFO` बरोबरच `LIFO Annual` आणि `Last Purchase Cost` हेही पर्याय आहेत. यांतील शेवटचा पर्याय फिफोसारखा भासतो, पण शिल्लक ६० टन आणि शेवटची खरेदी ५० टनांची असेल, तर तो वरच्या १० टनांनाही शेवटचाच दर लावतो. भाव चढते असताना तेवढ्याने साठा फुगतो आणि न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो.