न मागितलेल्या सेवेचे पैसे मोबाईल बिलात कसे येतात आणि ते परत कसे मागावेत

पोस्टपेड मोबाईलचे बिल नेहमीपेक्षा शंभर-दीडशे रुपयांनी वाढले की बहुतेक ग्राहक बोलणे किंवा डेटा जास्त झाला असेल, असे समजून ते भरून टाकतात. ज्यांचे बिल बँकेतून आपोआप वळते होते, त्यांच्या तर ही वाढ ध्यानातही येत नाही. मात्र बिलाच्या आतील पानांवर ‘मूल्यवर्धित सेवा’ असा एक स्वतंत्र रकाना असतो. काही कंपन्यांच्या बिलात तो व्हीएएस किंवा ‘कंटेंट’ या नावानेही दिसतो. कधीही न मागितलेला गेम, ज्योतिष, क्रिकेटचे ताजे धावफलक, व्हिडिओ किंवा कॉलर ट्यून यांचे पैसे तेथे जमा झालेले असू शकतात.

बिल वाचताना

पहिल्या पानावरील एकूण रकमेवरून काहीच उलगडत नाही. त्यासाठी तपशीलवार बिल पाहावे लागते. ते कंपनीच्या अॅपवरून किंवा संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. उदाहरणादाखल फोंड्यातील एका ग्राहकाचे बिल समजा ५ जून ते ४ जुलै या काळाचे आहे. त्याचे मासिक भाडे ३९९ रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की बिल ४७० रुपये ८२ पैसे व्हायला हवे. प्रत्यक्षात आलेले बिल ६३६ रुपये २ पैशांचे आहे.

मूल्यवर्धित सेवांच्या रकान्यात एका गेम सेवेच्या नावापुढे चार नोंदी आढळतात: ११ जून, १८ जून, २५ जून आणि २ जुलै. प्रत्येक नोंद ३५ रुपयांची, म्हणजे एकूण १४० रुपये. त्यावरील करासह ही रक्कम १६५ रुपये २० पैसे होते आणि बिलातील फरक नेमका तेवढाच आहे.

या तारखांकडे बारकाईने पाहावे. नोंदी बरोबर सात-सात दिवसांच्या अंतराने आहेत. याचा अर्थ ती एकदाच केलेली खरेदी नसून आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी आहे. पुढची वसुली ९ जुलैला होणार, हेही त्यावरून कळते. म्हणून बिल ७ जुलैला हाती आले असेल, तर तक्रार लिहीत बसण्याआधी सेवा बंद करणे हे पहिले काम. पहिल्या नोंदीची तारीख आणि वेळ मात्र लिहून ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद त्या क्षणाभोवती फिरतो.

क्रमांक न देता वर्गणी कशी सुरू होते

‘कुठेही नंबर टाकला नाही, ओटीपी दिला नाही, मग सेवा सुरू कशी झाली?’ हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो. याचे उत्तर मोबाईल डेटाच्या रचनेत आहे. घरच्या वाय-फायवरून एखादे संकेतस्थळ उघडले तर ते पाहणाऱ्याचा मोबाईल क्रमांक त्या संकेतस्थळाला कळत नाही. सिमकार्डाच्या डेटावरून उघडले, तर मागणी कोणत्या क्रमांकावरून आली हे कंपनीच्या जाळ्याला ठाऊक असते आणि ज्या सेवादात्याशी कंपनीचा करार आहे, त्याच्या पानापर्यंत जाळे ही ओळख पोहोचवू शकते. मग क्रमांक टाकण्याची गरजच उरत नाही. पानावरचे एक बटण दाबले की पुरते.

हे बटण नेहमी स्पष्ट दिसतेच असे नाही. चित्रपट किंवा गाणी फुकट देणाऱ्या पानांवर ‘पुढे चला’ अथवा ‘बंद करा’ असे लिहिलेल्या चौकटीखाली वर्गणीचे बटण दडवलेले असू शकते. लहान मुले गेम खेळताना अशा जाहिरातींवर सहज बोट ठेवतात.

दुसरा मार्ग अॅपमधून जातो. काही बनावट अॅप सूचना वाचण्याची परवानगी मागून घेतात, आलेला ओटीपी स्वतःच वाचतात आणि वापरकर्त्याच्या नकळत वर्गणी सुरू करतात. ‘जोकर’ किंवा ‘ब्रेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा अॅपच्या मालिकेतील सुमारे १,७०० अॅप प्ले स्टोअरवरून हटवल्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. एक सेवा बंद केल्यावर काही दिवसांत वेगळ्याच नावाची दुसरी सुरू झाली, तर दोष एखाद्या पानावरील बटणाचा नसून फोनमधील अॅपचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये सूचना आणि एसएमएस वाचण्याची परवानगी कोणकोणत्या अॅपला आहे ते पाहावे आणि ज्याला तिची गरज नाही ते अॅप काढून टाकावे.

नियमाने दोनदा संमती हवी

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १० जुलै २०१३ रोजी दिलेल्या निर्देशानुसार कोणतीही मूल्यवर्धित सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुहेरी संमती घेणे बंधनकारक आहे. पहिली संमती सेवा मागताना घ्यायची आणि दुसरी स्वतंत्र संमती-यंत्रणेमार्फत, सेवेचे नाव, शुल्क व मुदत दाखवून. सेवा सुरू झाल्यावर तिचा तपशील आणि ती बंद करण्याची रीत एसएमएसने कळवणेही आवश्यक आहे. सेवा संमतीविना सुरू झाल्याचे ग्राहकाने २४ तासांच्या आत कळवले, तर वसूल केलेली रक्कम परत करण्याची तरतूद आहे.

पोस्टपेड ग्राहकाची खरी अडचण या २४ तासांपाशी आहे. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक लगेच घटते, म्हणून त्याला तेव्हाच संशय येतो. पोस्टपेड ग्राहकाचे पैसे मात्र महिनाअखेर दिसतात. फोंड्याच्या ग्राहकाला ११ जूनला सुरू झालेली सेवा ७ जुलैला कळली. तोवर २४ तास केव्हाच उलटले होते. सेवा सुरू झाल्याचा एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत न वाचता राहून गेला असणार. पोस्टपेड ग्राहकासाठी तो एसएमएस हेच खरे पहिले बिल असते.

तरीही २४ तास उलटले म्हणजे हक्क संपला, असे होत नाही. संमती मुळात होती की नाही हा प्रश्न कायम राहतो आणि तिची नोंद कंपनीकडेच असते. म्हणून तक्रारीचा रोख ‘पैसे परत द्या’ एवढ्यावरच न ठेवता ‘संमतीची नोंद दाखवा’ असा असावा.

क्रमाने काय करावे

सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांसाठी एकच निःशुल्क क्रमांक आहे: १५५२२३. त्यावर फोन करता येतो किंवा STOP असा एसएमएस पाठवता येतो. चालू असलेल्या सेवांची यादी मिळते आणि त्यांतून नको ती निवडायची. विनंतीनंतर चार तासांत सेवा बंद होणे अपेक्षित आहे. बंद झाल्याचा संदेश पुसून टाकू नये.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अॅपचे किंवा गेमचे पैसे मोबाईल बिलात लावण्याची सोय काही कंपन्या देतात. तशी नोंद असेल तर १५५२२३ चा उपयोग होत नाही. ती वर्गणी प्ले स्टोअरच्या खात्यातूनच रद्द करावी लागते आणि परतावाही तेथेच मागावा लागतो. तक्रार चुकीच्या दारात जाऊ नये म्हणून बिलातील सेवेचे नाव आधी नीट वाचावे.

त्यानंतर १९८ या निःशुल्क तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक घ्यावा. हा क्रमांक हाती नसेल तर तक्रार झाल्याचा पुरावाच राहत नाही. शक्य असल्यास तीच तक्रार ईमेलनेही पाठवावी. वरील उदाहरणात तिचा मजकूर असा असू शकतो: ‘११ जून रोजी माझ्या क्रमांकावर अमुक सेवा सुरू झाल्याचे बिलात दिसते. मी ती मागितलेली नाही. पहिल्या व दुसऱ्या संमतीची तारीख, वेळ, माध्यम आणि त्या वेळी दाखवलेला मजकूर कळवावा. संमतीची नोंद नसल्यास १४० रुपये व त्यावरील कर परत करावा, आणि निर्णय होईपर्यंत ही रक्कम वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवावी.’

संपूर्ण बिल थकवणे मात्र इष्ट नाही. त्यामुळे विलंब शुल्क लागू शकते, शिवाय क्रमांक बंद होण्याचा धोका असतो.

कंपनीकडून संमतीची वेळ कळली की ती आपल्या बाजूने पडताळावी. त्या वेळी मोबाईल डेटा चालू होता का, फोन कोणाच्या हातात होता, ब्राउझरच्या इतिहासात त्या मिनिटाला कोणते पान दिसते, ओटीपीचा एसएमएस आला होता का, हे पाहावे. ओटीपी स्वतः टाकलेला आढळला तर परताव्याचा दावा कमकुवत होतो. दोन संमतींमध्ये एखाद्या सेकंदाचेच अंतर असेल किंवा दुसऱ्या संमतीची नोंदच नसेल, तर ग्राहकाची बाजू बळकट होते.

उत्तर न मिळाल्यास

बिलाविषयीच्या तक्रारीचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागला पाहिजे. तो न लागल्यास किंवा मान्य नसल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा असा नियम आहे. दूरसंचाराच्या रचनेत गोवा हा महाराष्ट्र परिमंडळाचा भाग आहे, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता शोधताना महाराष्ट्र व गोवा ही नोंद पाहावी. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

त्यापुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगांपुढे चालू शकतात की नाही, याबद्दल पूर्वी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात त्या चालू शकतात, असे स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे गोव्यातील ग्राहकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार मांडता येते.

१६५ रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दर आठवड्याला ३५ रुपये वळते करणारी वर्गणी वर्षभर ध्यानात आली नाही, तर ५२ आठवड्यांचे १,८२० रुपये आणि करासह २,१४७ रुपये ६० पैसे जातात. बिलातील त्या एका रकान्यावर दरमहा नजर टाकली तर नुकसान चार नोंदींवरच थांबते.